ओंटारियोत पहिली गाडी घेण्याआधी: लायसन्स आणि क्रेडिट हिस्टरी

कॅनडात नोकरीसाठी येणाऱ्या ओळखीच्या मंडळींना मी एक गोष्ट विमानात बसायच्या आधीच सांगतो. तुमच्या मागे भारतातला दोन प्रकारचा इतिहास असतो. एक गाडी चालवल्याचा आणि दुसरा कर्ज वेळेवर फेडल्याचा. पहिला एका कागदावर इकडे आणता येतो, पण तो कागद मिळवायचं काम तिकडे असतानाच सोपं असतं. दुसरा मात्र तिकडेच राहतो. सिबिलचा स्कोअर कितीही उत्तम असला तरी इथल्या इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या दोन क्रेडिट ब्युरोंच्या नोंदीत तुमचं नावच नसतं. त्यामुळे लायसन्सची तयारी निघण्याआधी करायची आणि क्रेडिटची सुरुवात उतरल्या उतरल्या.

मी ओंटारियो प्रांतात राहतो, म्हणून इथलंच सांगतो. लायसन्सचे नियम प्रांतागणिक बदलतात.

काही देशांचं लायसन्स दाखवून ओंटारियोचं थेट बदलून मिळतं. भारत त्या यादीत नाही. राहायला आल्यावर पहिले ६० दिवस आपल्या वैध भारतीय लायसन्सवर गाडी चालवता येते, त्यानंतर इथलंच लागतं. त्यासाठी ड्राइव्हटेस्ट केंद्रावर डोळ्यांची तपासणी आणि लेखी परीक्षा द्यायची. चिन्हांवर २० प्रश्न आणि नियमांवर २०, दोन्हींत वेगवेगळे किमान १६ बरोबर हवेत. पास झालात की जी-१ मिळतं. ते शिकाऊ लायसन्स आहे. शेजारी किमान चार वर्षांचा अनुभव असलेला, पूर्ण लायसन्सवाला बसलेला हवा, मध्यरात्री ते पहाटे पाच गाडी चालवायची नाही, मोठ्या महामार्गांवर जायचं नाही. नवशिक्याला इथून जी-२ या मधल्या टप्प्याच्या लायसन्सच्या रस्त्यावरच्या परीक्षेपर्यंत १२ महिने थांबावं लागतं, आणि जी-२ मिळाल्यावर पूर्ण जी साठी आणखी १२ महिने.

भारतातला अनुभव इथे उपयोगी पडतो. एक वर्षापर्यंतचा अनुभव काउंटरवर मूळ लायसन्स दाखवून सांगितला तर धरतात आणि जी-२ ची परीक्षा लगेच देता येते. दोन वर्षांहून जास्त अनुभव सिद्ध केला तर थेट पूर्ण जी ची परीक्षा देता येते. पण ‘सिद्ध’ म्हणजे पत्र. लायसन्स देणाऱ्या मूळ कार्यालयाचं किंवा आपल्या दूतावासाचं, त्यांच्या लेटरहेडवर, इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये.

हे पत्र का लागतं ते माझ्या भाचीच्या प्रकरणात नीट दिसलं. ती कोल्हापूरची. पक्कं लायसन्स २०१४ चं, एमएच-०९ चं, मोटरसायकल आणि हलकं मोटार वाहन दोन्हींसाठी. लग्नानंतर २०२३ मध्ये तिने नाव आणि पत्ता बदलून घेतला, तेव्हा नवीन कार्ड आलं. त्या कार्डावर ठळक दिसणारी तारीख २०२३ ची होती. ती टोरांटोजवळच्या मिसिसागाला आली २०२४ च्या शरद ऋतूत. म्हणजे काउंटरवरच्या माणसाला फक्त कार्ड दाखवलं असतं तर त्याच्या हिशेबाने तिचा अनुभव दोन वर्षांचाही भरत नव्हता, प्रत्यक्षात मात्र ती दहा वर्षं गाडी चालवत होती.

निघण्याआधी मी तिला आरटीओतून लायसन्सचा उतारा घ्यायला लावला होता. तिकडे याला डीएल एक्स्ट्रॅक्ट म्हणतात आणि परिवहनच्या सारथी पोर्टलवरून त्यासाठी अर्ज करता येतो. उतारा हातात आला की चार गोष्टी तपासायच्या. पहिल्यांदा लायसन्स कधी दिलं ती तारीख त्यात आहे का. हलक्या वाहनाची परवानगी कधीपासून आहे, कारण आपल्याकडे खूप जणांचं लायसन्स आधी दुचाकीचं असतं आणि चारचाकी नंतर जोडलेली असते. मजकूर इंग्रजीत आहे का. आणि सही-शिक्का स्पष्ट आहे का. ज्यांचं लायसन्स जुन्या पुस्तकाच्या स्वरूपातलं आहे, त्यांनी सारथीवर आपला नंबर टाकून नोंद दिसते का हे आधी बघावं. नोंद नसेल तर आरटीओत जाऊन ती चढवून घ्यावी लागते, आणि हे काम परदेशातून फोनवर होत नाही. ज्यांनी तिकडून काहीच आणलेलं नाही, त्यांच्यासाठी टोरांटोतला आपला वाणिज्य दूतावास आहे. तिथून पडताळणीचं पत्र मिळतं, पण तेही मूळ नोंद सापडली तरच.

नावाचं मात्र सगळ्यांनीच सांभाळावं. आपल्याकडे लायसन्सवर कुठे आडनाव आधी, कुठे वडिलांचं नाव मध्ये, कुठे नुसती आद्याक्षरं. पासपोर्टवर मात्र स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र एका रकान्यात आणि आडनाव वेगळं. इथला कर्मचारी अक्षर न् अक्षर जुळवतो. जुळलं नाही की काम अडतं. म्हणून उताऱ्यावरचं नाव पासपोर्टप्रमाणे हवं. तसं नसेल तर लग्नाचा दाखला किंवा गॅझेटची प्रत सोबत ठेवावी.

थेट जी ची परीक्षा देण्याची संधी एकदाच मिळते. नापास झालात तर आधी जी-२ ची परीक्षा द्यावी लागते. म्हणून दहा वर्षं पुण्या-मुंबईत गाडी चालवलेल्या माणसालाही मी चार-पाच तास तरी इथल्या प्रशिक्षकाकडे शिकायला सांगतो. आपले लोक गाडी हाकण्यात कमी पडत नाहीत, सवयींमुळे अडकतात. थांबा चिन्हापाशी आपण गाडी मंद करतो, रस्ता मोकळा दिसला की पुढे सरकतो. इथे चाक पूर्ण थांबलं पाहिजे, तेही पांढऱ्या रेषेच्या अलीकडे. लेन बदलताना आपण आरसा बघतो, पण परीक्षकाला तुमची मान खांद्यावरून मागे वळलेली दिसली पाहिजे, कारण आरशात न येणारी बाजू तशीच बघायची असते. महामार्गावर शिरताना भीतीने ६० च्या वेगाने घुसणं तर धोक्याचंच. रॅम्पवरच वेग वाढवून बाकीच्या गाड्यांच्या वेगाला यायचं. आणि पिवळी स्कूल बस लाल दिवे लुकलुकवत उभी असेल तर मागच्यांनीच नाही, समोरून येणाऱ्यांनीही थांबायचं. मध्ये दुभाजक असेल तरच समोरच्यांना सूट.

आता क्रेडिट. पहिल्या आठवड्यात सिन, म्हणजे सोशल इन्शुरन्स नंबर काढायचा आणि बँकेत खातं उघडायचं. वर्क परमिटवर आलेल्यांचा सिन ९ ने सुरू होतो. मोठ्या बँकांकडे नव्याने आलेल्यांसाठी योजना असतात, त्यात जुनी हिस्टरी नसतानाही छोट्या मर्यादेचं क्रेडिट कार्ड मिळू शकतं. नाहीच मिळालं तर सिक्युअर्ड कार्ड घ्यावं. त्यात तुम्ही काही रक्कम अनामत ठेवता आणि साधारण तेवढीच मर्यादा मिळते. डेबिट कार्ड किंवा आधी पैसे भरून वापरायचं प्रीपेड कार्ड कितीही वापरलंत तरी हिस्टरी तयार होत नाही, कारण त्यात उधारी नसतेच.

इथला स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो. वेळेवर पैसे भरणं महत्त्वाचं हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मर्यादेपैकी किती रक्कम वापरली हे कोणत्या दिवशी मोजलं जातं, ते फारसं कोणी सांगत नाही. भाचीच्या कार्डाची मर्यादा १,००० डॉलर होती. घर मांडायचं म्हणून तिने महिन्यात ८५० डॉलरची खरेदी केली. बिल निघालं १२ मार्चला, पैसे भरायची शेवटची तारीख होती ३ एप्रिल. कायद्याने बिलानंतर किमान २१ दिवस मिळतात. तिने मुदतीत पूर्ण पैसे भरले, एक सेंटही व्याज लागलं नाही. तरीही स्कोअर खाली आला. कारण बँका बहुधा बिलाच्या तारखेची थकबाकी ब्युरोला कळवतात. त्या दिवशी तिच्या नावावर ८५ टक्के वापर दिसत होता, आणि एवढा वापर म्हणजे माणूस उधारीवर तगून आहे असा अर्थ काढला जातो. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवा असा सर्वसाधारण सल्ला असतो. पुढच्या महिन्यापासून ती बिल निघायच्या दोन-तीन दिवस आधीच बरीच रक्कम भरून टाकू लागली. बिल २०० च्या आसपास निघायचं, ते मुदतीत आपोआप पूर्ण भरलं जाईल अशी सूचना तिने बँकेला देऊन ठेवली. खर्च तेवढाच, पण कागदावर वापर २० टक्के. आपोआप भरण्याची सूचना देताना ‘किमान रक्कम’ नव्हे, ‘पूर्ण रक्कम’ निवडली आहे ना हे जरूर बघा. उरलेल्या रकमेवर वर्षाला २० टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं.

सहा महिन्यांनी दोन्ही ब्युरोंकडून आपला अहवाल मागवावा. तो फुकट मिळतो, आणि स्वतः बघितल्याने स्कोअर कमी होत नाही. त्यात पुन्हा नावच तपासायचं. बँकेने मधलं नाव घातलेलं आणि फोन कंपनीने गाळलेलं असेल, किंवा घर बदलल्यावर एका ठिकाणी जुना पत्ता राहिला असेल, तर एकाच माणसाच्या दोन फायली होऊ शकतात. मग मेहनतीने जमवलेली निम्मी हिस्टरी दुसरीकडेच साठत राहते. पुढे पीआर, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा परवाना मिळाल्यावर सिन बदलतो, तेव्हाही बँकेला नवा नंबर आवर्जून कळवावा.

गाडी घेताना दोन्ही गोष्टी एकत्र येतात, पण त्यांचा परिणाम वेगवेगळ्या ठिकाणी होतो. कर्जाचा व्याजदर क्रेडिटवर ठरतो. गाडीच्या विम्याचा हप्ता ठरवताना ओंटारियोत क्रेडिट स्कोअर वापरायला मनाई आहे. तिथे बघतात ते लायसन्सचा वर्ग, अनुभवाची वर्षं, अपघात-दाव्यांची नोंद आणि राहता पत्ता. टोरांटोच्या आसपास, विशेषतः ब्रॅम्प्टनमध्ये विमा महाग असल्याने कर्जाच्या हप्त्याएवढाच विम्याचा हप्ता येऊ शकतो. म्हणून गाडी पसंत करण्याआधी विम्याचा दर विचारावा. भारतातल्या विमा कंपनीकडून नो-क्लेम बोनसचं इंग्रजी पत्र घेऊन ठेवावं. काही कंपन्या ते धरतात, बऱ्याच धरत नाहीत, त्यामुळे एकाच कंपनीने नाही म्हटलं म्हणून थांबू नये. एकाच वेळी अनेक कंपन्यांचे दर काढून देणाऱ्या ब्रोकरला हे पत्र आणि आरटीओचा उतारा दोन्ही पाठवावेत.

कर्जाची चौकशी मात्र महिनोन्महिने रेंगाळत करू नये. प्रत्येक अर्जाची अहवालात नोंद होते. गाडीच्या कर्जासाठी दोन आठवड्यांच्या आत केलेले अर्ज स्कोअर काढताना साधारणपणे एकच चौकशी म्हणून धरले जातात. भाचीने आधी स्वतःच्या बँकेत दर विचारला, तो लिहून घेतला, आणि त्याच आठवड्यात डीलरकडे जाऊन त्याच्यासमोर ठेवला. डीलरने दिलेला दर बँकेपेक्षा जास्त निघाला, म्हणून तिने कर्ज बँकेकडूनच घेतलं.