फोटो शेअर करताना मेल योग्य खात्यातून कसा पाठवायचा

माझ्या ॲन्ड्रॉइड फोनवर जीमेलमध्ये दोन खाती आहेत, एक ऑफिसचं आणि एक घरचं. मुलीच्या शाळेला जन्मदाखल्याचा फोटो घरच्या खात्यातून पाठवायचा होता. गॅलरीत फोटो उघडून Share दाबलं, खालच्या यादीतून Gmail निवडलं, तर नवा मेल उघडला तो ऑफिसच्या पत्त्यावरून.

जीमेल उघडून आधी खातं बदलायचं, मग पुन्हा गॅलरीत जायचं, हे करायची गरजच नाही. मेल लिहायच्या पानावर सगळ्यात वर From ही ओळ असते. तिथला पत्ता किंवा शेजारचा छोटा बाण दाबला की फोनमधली सगळी खाती दिसतात. मी घरचं निवडलं. जोडलेला फोटो तसाच राहिला.

हे मी To भरायच्या आधीच करते, कारण नावं सुचवली जातात ती निवडलेल्या खात्याच्या संपर्कांतून. सहीही खात्यागणिक वेगळी असते, म्हणून मजकुराचा शेवट एकदा बघून घ्यावा. शाळेच्या मेलखाली ऑफिसचा हुद्दा कशाला?

हवं ते खातं From मध्ये दिसतच नसेल, तर ते फोनवर जोडलेलं नाही. जीमेलमध्ये उजवीकडे वर आपल्या फोटोवर दाबून Add another account मधून ते आधी जोडावं लागतं.

पाठवल्यावर खात्री करायची तर त्याच खात्याचं Sent उघडा. चूक लगेच लक्षात आली, तर खाली काही सेकंद Undo दिसतं, ते दाबायचं.