बीपीच्या गोळीसोबत जप करताना या चुका टाळा

रक्तदाबाची गोळी चालू असताना रोज सकाळी जपाला बसणारी माणसे सोलापुरात घरोघरी आहेत. कोणी सिद्धेश्वराच्या देवळात तळ्याच्या बाजूला बसते, कोणी देव्हाऱ्यासमोर माळ ओढते, कोणी इष्टलिंग तळहातावर घेऊन डोळे मिटते. या बैठकीने मन निवते आणि रक्तदाबही काही काळ उतरतो, हे खरे आहे. परंतु तो किती वेळ उतरलेला राहतो आणि तो नेमका केव्हा मोजावा, याचा घोळ झाला की चांगल्या सवयीतून उपचाराचे नुकसान होते.

सर्वांत महाग पडणारी चूक मोजण्याची आहे. शहराच्या पूर्व भागातील एका मावशींचे उदाहरण कल्पू. आयुष्यभर विड्या वळल्या, आता साठी उलटली, आणि डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅम्लोडिपिनची पाच मिलिग्रॅमची गोळी रोज सुरू आहे. मुलाने घरी बीपीचे मशीन आणले. मावशी जप आटोपून उठल्या की लगेच तो पट्टा बांधतो. आकडा येतो १२६/७८. आठवडाभर असेच आकडे पाहून मावशी गोळी बंद करतात. त्यानंतरचे दोन-तीन दिवसही आकडा १३० च्या आसपासच राहतो, म्हणून घरात सर्वांची खात्री पटते की नामाने गोळी सुटली. दहाव्या दिवशी डोके जड वाटते म्हणून जपाआधीच मोजले जाते आणि मशीन १५८/९६ दाखवते.

येथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या. पहिली अशी की, शांत बसून संथ श्वास घेतल्यावर उतरलेला रक्तदाब हा त्या बैठकीचा आकडा असतो. स्वयंपाक, नातवंडांची धावपळ, बाजार, झोप यांसह उरलेल्या दिवसाचा तो नसतो. दुसरी गोष्ट लोकांना सहसा ठाऊक नसते. अ‍ॅम्लोडिपिन शरीरातून अतिशय सावकाश बाहेर पडते, त्यामुळे शेवटच्या गोळीनंतरही काही दिवस तिचा अंमल थोडाथोडा शिल्लक राहतो आणि त्या दिवसांचे श्रेय जपाच्या खात्यावर जमा होते. सगळ्याच गोळ्या अशी सवलत देत नाहीत. मेटोप्रोलॉल किंवा अ‍ॅटेनोलॉल एकाएकी सोडल्यास छातीत धडधड वाढू शकते आणि हृदयविकार असलेल्या माणसाच्या छातीत दुखूही लागते.

त्यामुळे मोजणी जपाच्या आधी आणि सकाळच्या गोळीच्याही आधी करावी. लघवीला जाऊन यावे, त्यापूर्वी अर्धा तास चहा किंवा तंबाखू घेऊ नये. मांडी घालून न बसता खुर्चीत पाठ टेकवून, पावले जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटे न बोलता बसावे, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवावा आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. संध्याकाळीही तसेच करावे. असे आठवडाभर लिहून ठेवून पहिला दिवस वगळावा आणि उरलेल्यांची सरासरी काढावी. घरच्या मोजणीत ती साधारणपणे १३५/८५ च्या खाली असावी, मात्र मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असल्यास डॉक्टर वेगळी मर्यादा ठरवतात. जपानंतरचा आकडा कुतूहल म्हणून लिहायचा असेल, तर वेगळ्या रकान्यात लिहावा. सोलापूरकरांनी आणखी एक ध्यानात घ्यावे की कडक उन्हाळ्यात रक्तदाब अनेकांचा आपोआपच थोडा उतरतो आणि थंडीत चढतो. वैशाखात जप सुरू करून गोळी कमी करण्याचा हिशेब मार्गशीर्षात चुकतो, तो यामुळेच.

दुसरी चूक वेगाची आहे, आणि जप करूनही स्वस्थता येत नाही अशी तक्रार असेल तर आधी येथेच पाहावे. इटलीतील लुचानो बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २३ निरोगी माणसांना ख्रिस्ती जपमाळेची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणायला लावले होते. दोन्हींमध्ये श्वास मिनिटाला सुमारे सहा वेळांवर आला आणि रक्तदाब सावरणारी शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया अधिक तल्लख झाली. माणसे थोडी आणि निरोगी होती, त्यामुळे आजार बरा होतो असे यावरून कोणी म्हणू नये. तरीही परिणामाची वाट संथ श्वासातून जाते, एवढे त्यातून कळते.

आता माळेचा हिशेब करा. मिनिटाला सहा श्वास आणि दर श्वासाला एक मणी धरला, तर १०८ मण्यांना १८ मिनिटे लागतात. माळ पाच मिनिटांत संपत असेल, तर एका मण्याला तीन सेकंदही मिळत नाहीत. ओठ भराभर हलतात, श्वास उथळ होतो आणि ‘आज अकरा माळा झाल्याच पाहिजेत’ हा नवा ताण मागे लागतो. संकल्पाच्या माळा ज्यांना करायच्या आहेत त्यांनी अवश्य कराव्यात, पण शांततेसाठी एक माळ वेगळी काढावी. सहज श्वास आत घ्यावा आणि सोडताना ‘ॐ नमः शिवाय’ सावकाश, पुटपुटत म्हणावे. श्वास रोखून धरू नये. गरगरल्यासारखे झाले तर नेहमीच्या श्वासावर यावे. डोळे मिटल्यावर धडधड किंवा नको ते विचार वाढत असतील, तर डोळे उघडे ठेवून मोठ्याने म्हणावे किंवा अंगणात चालत म्हणावे. इतके करूनही दोन-तीन आठवडे झोप उडालेली आणि जीव घाबरा राहत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगण्याचेच लक्षण आहे.

पूजेआधी काही घ्यायचे नाही म्हणून गोळी दहा-अकरापर्यंत लांबवणे ही तिसरी चूक. रक्तदाबाच्या बहुतेक गोळ्या रिकाम्या पोटी घोटभर पाण्याबरोबर चालतात, त्यामुळे डॉक्टरांना एकदा विचारून गोळी पूजेआधीच घ्यावी. साखरेच्या गोळीचे गणित उलटे आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन एकादशीचा निर्जळी उपवास केल्यास साखर धोकादायक रीतीने खाली येते. घाम, थरथर आणि गोंधळल्यासारखे वाटणे यांना भक्तीतील तंद्री समजून बसून राहू नये, लगेच साखरपाणी घ्यावे.

रक्तदाब वाढला की ‘तुमची श्रद्धाच कमी पडली’ असे घरच्यांनी म्हणणे मात्र मला क्रूर वाटते. २००६ साली हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाने हृदयाच्या बायपासच्या १८०२ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी लोक आपल्यासाठी प्रार्थना करीत आहेत असे खात्रीने सांगितलेल्या गटात गुंतागुंत ५९ टक्क्यांना झाली. प्रार्थना होत होती, पण ज्यांना तशी खात्री दिली नव्हती, त्यांच्यात ती ५२ टक्क्यांना झाली. कारण स्पष्ट झाले नाही. तथापि प्रार्थनेचा निकाल आजाराच्या आकड्यांत शोधू नये, हे तेथे दिसते.

पुढच्या तपासणीला जाताना वही न्यावी आणि जपाची वेळही सांगावी. आठवड्याच्या सरासरीवरून गोळी कमी करता येते का, हे डॉक्टर पाहतील. छातीत दाब आला, बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले किंवा एका बाजूचा हात उचलेनासा झाला, तर माळ अर्धी राहिली तरी उठावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.