शाळेच्या नाटकाच्या नेपथ्यासाठी प्रॉम्प्ट लिहिताय? या चुका टाळा

एआयकडून नेपथ्याचं चित्र काढून घेणाऱ्यांचे प्रॉम्प्ट माझ्याकडे तपासायला येतात. त्यातले बरेच 'जंगलातली झोपडी, रात्र, सुंदर, सिनेमॅटिक' एवढ्यावर संपतात. उत्तरादाखल येतं ते सिनेमातलं दृश्य. त्यात रंगमंचच नसतो, मग त्यावरून सुताराने आणि रंगवणाऱ्याने काय करायचं?

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे पडद्यावर काय रंगवायचं आणि मंचावर काय उभं करायचं हे न सांगणं. एका शाळेने असंच चित्र प्रमाण मानून काम सुरू केलं. चित्रात झोपडी, झाडं आणि विहीर होती. विहीर जरा मागे, झाडांच्या रांगेत दिसत होती, म्हणून रंगवणाऱ्यांनी ती पडद्यावरच रंगवली. संहितेत मात्र मुलगी त्याच विहिरीतून पाणी शेंदते आणि तिला आत एक पेटी सापडते. हे लक्षात आलं तालमीत, पडदा वाळल्यावर. मग पुठ्ठ्याची दुसरी विहीर पुढे ठेवली, तर मागची रंगवलेली विहीरही दिसत राहिली. शेवटी तेवढा भाग पुन्हा रंगवावा लागला.

म्हणून प्रॉम्प्टआधी मी संहिता घेऊन बसते. नट ज्याला हात लावतो, ज्यावर बसतो, ज्याच्या मागे लपतो, त्या प्रत्येक वस्तूखाली रेघ मारते. रेघ मारलेलं सगळं मंचावर उभं राहणार, उरलेलं पडद्यावर जाणार. त्याच नाटकाचा प्रॉम्प्ट मी असा लिहीन:

```
शाळेच्या सभागृहातला रंगमंच, २० फूट रुंद, १२ फूट खोल.
मधल्या रांगेतल्या प्रेक्षकाला समोरून दिसतो तसा पूर्ण मंच,
दोन्ही बाजूंच्या विंगा आणि वरची झालर दिसावी.
मागे सपाट रंगवलेला पडदा: फक्त जंगल आणि आकाश.
मंचावर उभ्या वस्तू: चित्राच्या डावीकडे अडीच फूट
उंच विहीर, उजवीकडे झोपडीची दर्शनी भिंत आणि दार.
मध्यभाग मोकळा. विहिरीपाशी १२ वर्षांची मुलगी उभी.
प्रकाश: संध्याकाळ, उजवीकडून वरून नारंगी.
```

मुलगी मापासाठी आहे. फुटांचे आकडे एआय काटेकोर पाळत नाही, पण माणूस शेजारी असला की विहीर घराएवढी झाली तर लगेच कळते. डावं-उजवं 'चित्राच्या' असं लिहायचं, कारण नटाचं डावं ते प्रेक्षकाचं उजवं.

'गर्दी नको, झाडं नकोत' असं लिहू नका. काही साधनं 'नको' सोडून देतात आणि झाड मात्र काढतात. 'मध्यभाग मोकळा' म्हटलं की काम होतं.

दुसरी चूक प्रकाशाची, आणि ती निव्वळ घाईपोटी होते. 'संध्याकाळ, मग रात्र, मग वीज चमकते' हे एकाच प्रॉम्प्टमध्ये कोंबतात. एका चित्रात एकच क्षण मावतो. तिन्ही सांगितलेत तर नारंगी आकाशात चंद्र आणि वीज एकत्र येतात, आणि प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याला त्यातून एकही क्यू काढता येत नाही. आधी संध्याकाळचं चित्र पक्कं करा. मग तेच चित्र साधनाला परत द्या आणि फक्त प्रकाशाची ओळ बदला: 'बाकी काहीही न बदलता, रात्र, मागून फिकट निळा प्रकाश, झोपडीच्या दारातून पिवळा उजेड.' नव्याने प्रॉम्प्ट दिलात तर विहीर सरकेल, झोपडीला खिडकी फुटेल. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून वस्तू मोजायची सवय लावून घ्या.

आणि दिवा कुठे आहे ते लिहा. 'गूढ प्रकाश' वाचून एआय जमिनीतूनसुद्धा उजेड काढतं. तुमच्याकडे समोरचे दोन आणि मागचा एक दिवा असेल, तर तेवढ्याच दिशा द्या.

तरीही रंगांच्या बाबतीत चित्रावर विसंबू नये. चित्रात निळ्या रात्रीतही झोपडी छान तांबूस दिसते. प्रत्यक्षात लाल किंवा नारंगी रंगावर गडद निळा प्रकाश पडला की तो रंग काळपट होतो, कारण परत फेकायला त्याला लाल प्रकाशच मिळत नाही. पडदा रंगवण्याआधी पुठ्ठ्याच्या तुकड्यावर तोच रंग लावा, खोलीत अंधार करा आणि टॉर्चवर निळा जिलेटिन कागद धरून पाहा. झोपडी काळी पडली तर दिव्याचा निळा फिकट करा किंवा समोरून थोडा पिवळा प्रकाश द्या, आणि तो बदल प्रॉम्प्टमध्येही लिहा.

क्यूचे आकडे आणि बाण चित्रातच मागू नका. मराठी अक्षरं बरेचदा बिघडतात. चित्र छापून घ्या आणि क्यू पेनाने लिहा.