बँकेला वाईट बातमी कळवताना या चुका टाळा

अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या मशीन शॉपचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते ठरवलेत, पण प्रकार नाशिकमध्ये नवा नाही. शॉप गाड्यांच्या भागांसाठी बुश, म्हणजे भोक असलेले नळीसारखे नग बनवतं. बँकेची ४० लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा आहे, मशीनचं टर्म लोन वेगळं. १८ जुलैला मोठ्या ग्राहकाने ४,००० नगांचा, म्हणजे ८ लाखांचा लॉट परत पाठवला. बुश हार्डनिंगला, म्हणजे तापवून कडक करायला बाहेर दिले होते, तिथे भोकाचं माप बिघडलं.

आता बँकेला काय कळवायचं? बहुतेक जण जे पाठवतात ते साधारण असं असतं:

“या तिमाहीत व्यवसायाची वाटचाल समाधानकारक आहे. दोन नव्या ग्राहकांशी बोलणी चालू आहेत. एका लॉटबाबत काही तांत्रिक अडचणी आल्या असून त्या लवकरच दूर होतील.”

यात खोटं एकही वाक्य नाही, तरी पत्र निरुपयोगी आहे. बँक ज्या आकड्यावर खातं चालवते, तो आकडाच त्यात नाही.

पहिली चूक: तोटा सांगायचा, पण ड्रॉइंग पॉवरवरचा परिणाम सांगायचा नाही

मालकाच्या डोक्यात ‘८ लाखांचा लॉट गेला’ एवढंच असतं. बँकेचा हिशेब वेगळा चालतो. माल आणि येणं यांच्या जोरावर जेवढी उचल करता येते, ती ड्रॉइंग पॉवर. या शॉपकडे ३० लाखांचा माल होता. त्यातून पुरवठादारांचं १० लाखांचं देणं वजा केलं की उरले २० लाख, आणि २५ टक्के मार्जिन कापून १५ लाख. ग्राहकांकडून येणं ३२ लाख, त्याचे मार्जिन कापून २४. म्हणजे ड्रॉइंग पॉवर ३९ लाख. खात्यातून उचल होती ३७ लाखांची, त्यामुळे सगळं ठीक.

लॉट परत आला की येणं ३२ वरून २४ लाखांवर येतं आणि त्याचे १८ लाखच धरले जातात. नाकारलेला माल स्टॉकमध्ये धरता येत नाही. ड्रॉइंग पॉवर ३३ लाखांवर उतरते, उचल मात्र ३७ चीच राहते. तूट ४ लाखांची. पत्राचा विषय हा ४ लाखांचा आकडा आहे, आणि तो पहिल्या दोन ओळींत यायला हवा.

इथेच काहींना वाटतं, एवढा महिना ते बिल बँकेला दरमहा जाणाऱ्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये तसंच राहू द्यावं, पुढच्या महिन्यात भरून काढू. हे अजिबात करू नका. परत आलेल्या मालासाठी तुम्ही दिलेली क्रेडिट नोट जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात दिसते, आणि बँका येण्याचे आकडे जीएसटीशी ताडून पाहतात. पकडलं गेलं की विषय रिजेक्शनचा राहत नाही, चुकीचं स्टेटमेंट दिल्याचा होतो. पहिल्यावर तोडगा निघतो, दुसऱ्यावर शाखेतलं कुणीही तुमच्या बाजूने बोलणार नाही.

दुसरी चूक: स्टेटमेंटच्या तारखेची वाट पाहणं

“१० तारखेला स्टॉक स्टेटमेंट जातंच आहे, त्यातच कळेल” हे नेहमीचं उत्तर. पण मग मॅनेजर साहेबांना बातमी स्वतः शोधून काढावी लागते, आणि स्वतः शोधलेली बातमी नेहमी लपवलेली वाटते. शिवाय दिवस मोजले जात असतात. कॅश क्रेडिट खात्यात उचल सलग ३० दिवसांपेक्षा जास्त मर्यादेच्या किंवा ड्रॉइंग पॉवरच्या वर राहिली की खातं एसएमए-१ या अडचणीतल्या खात्यांच्या वर्गात जातं, ६० नंतर एसएमए-२, आणि ९० दिवस उलटले की एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. म्हणून परत आलेल्या मालाची छाननी झाली की लगेच, चार-पाच दिवसांत कळवा. छाननीआधी कळवण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा सांगायला फक्त काळजी असते.

छाननी म्हणजे प्रत्येक नग गेजने तपासणं. भोक आकसलेले नग होनिंग करून, म्हणजे भोक आतून घासून मापात आणता येतात, भोक वाढलेले भंगारात जातात. समजा २,६०० नग वाचले आणि १,४०० गेले. नगाला २०० रुपये धरले तर ५ लाख २० हजार परत येऊ शकतात आणि २ लाख ८० हजारांचा फटका पक्का.

आता पत्र

“१८ जुलै रोजी आमच्या ग्राहकाने ८ लाखांचा लॉट परत केला. त्यामुळे ड्रॉइंग पॉवर ३९ वरून ३३ लाखांवर येत असून सध्याच्या उचलीच्या मानाने ४ लाखांची तूट आहे. हार्डनिंगनंतर भोकाचे माप बदलल्याने नग नाकारले गेले. ४,००० पैकी २,६०० नग दुरुस्त होतील, १,४०० बाद झाले आहेत. दुरुस्त नग २० ऑगस्टपर्यंत ग्राहकाला जातील. ग्राहकाने ते पुन्हा तपासून घेण्याचे मेलवर मान्य केले आहे, मेल सोबत जोडली आहे. ते स्वीकारले गेल्यास तूट सुमारे १० हजारांवर येईल व ती आम्ही स्वतः भरू. यापुढे होनिंग हार्डनिंगनंतरच केले जाईल. टर्म लोनचा ऑगस्टचा हप्ता वेळेवर जाईल, रक्कम खात्यात आहे. तूट भरून निघेपर्यंत, ३० सप्टेंबरपर्यंत, ४ लाखांची तात्पुरती मंजुरी द्यावी ही विनंती.”

एवढं पुरे. ५ लाख २० हजारांचं नवं बिल झालं की ७५ टक्क्यांनी ३ लाख ९० हजार ड्रॉइंग पॉवरमध्ये वाढतात. १० हजारांचा आकडा तिथून आला.

‘स्वीकारले गेल्यास’ हे शब्द गाळू नका. नग तुम्ही दुरुस्त करू शकता, ग्राहकाने घ्यावेत हे तुमच्या हातात नाही. आणि मागणी स्पष्ट लिहा. ‘सहकार्य असावे’ या वाक्यावर शाखा काही करू शकत नाही. मंजुरी वरच्या कार्यालयातून येणार असेल तर मॅनेजर तुमचंच पत्र पुढे पाठवतात, म्हणून ते तोंडी खुलाशाविना वाचणाऱ्याला कळायला हवं. मॅनेजर परप्रांतातले असतील तर सरळ हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. उगाच भाषेवरून पत्र टेबलावर पडून राहायला नको.

हार्डनिंगवाल्याचं काय?

चूक त्याची असेलही. पण त्यावर तीन परिच्छेद लिहिले की वाचणाऱ्याला वाटतं, वसुलीचा भरवसा त्या भांडणावर ठेवलाय. त्याच्याकडून भरपाई मिळाली तर मिळाली, पत्राच्या हिशेबात ती धरू नका.

गुंतवणूकदाराला वेगळी गोष्ट सांगणं

धंद्यात बाहेरच्या कुणाचा पैसा असेल तर त्याला ड्रॉइंग पॉवरमध्ये रस नसतो. २ लाख ८० हजारांचा फटका नफ्यातून जाणार आणि ग्राहक टिकणार का, हे त्याला हवं असतं. मांडणी बदला, आकडे आणि तारखा त्याच ठेवा. बँकेला २० ऑगस्ट आणि त्याला ‘महिनाअखेरपर्यंत होईल’ असं लिहिलं तर पुढच्या बैठकीत दोन्ही कागद एकाच टेबलावर येऊ शकतात.

पत्र पाठवून गप्प बसणं

ही चूक सगळ्यात जास्त होते. पत्राने दिवस थांबत नाहीत. तात्पुरती मंजुरी आली नाही तर ९० दिवसांची मोजणी चालूच राहते. २० ऑगस्टला सगळे नग गेले नाहीत तर २१ ला दोन ओळी जायला हव्यात: “२,६०० पैकी १,९०० नग आज गेले. उरलेले ७०० होनिंग मशीनच्या दुरुस्तीमुळे २७ तारखेला जातील. तोपर्यंत तूट सुमारे १ लाख १५ हजार राहील.”