या चुका टाळा: काम संपत आलं की शेड्यूल व्हेरियन्सवर विसंबू नका

फोंड्याजवळच्या एका तीन मजली इमारतीचं उदाहरण घेऊ. बजेट 200 लाख. मुदत ऑक्टोबर ते मे, म्हणजे आठ महिने, कारण पाऊस लागायच्या आत बाहेरचं प्लास्टर आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग उरकायचं. आकडे समजावण्यापुरते बनवलेले आहेत, पण असे रिपोर्ट गोव्यात दर पावसाळ्यात फिरत असतात.

प्लॅनप्रमाणे फेब्रुवारीअखेर 120 लाखांचं, मार्चअखेर 152, एप्रिलअखेर 180 आणि मेअखेर पूर्ण 200 लाखांचं काम व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात मेअखेर 146 लाखांचंच झालं. शेड्यूल व्हेरियन्स, म्हणजे झालेल्या कामाची किंमत वजा प्लॅनमधल्या कामाची, उणे 54 लाख; एसपीआय, म्हणजे पहिली भागिले दुसरी, 0.73. इथवर रिपोर्ट खरं बोलतो.

पुढे पाऊस सुरू होतो, बाहेरचं काम थांबतं, आत टाइल्स आणि वायरिंग रखडतरखडत चालतं. जुलैअखेर अर्न्ड व्हॅल्यू, म्हणजे झालेल्या कामाची बजेटातली किंमत, 180 होते आणि एसपीआय 0.90 वर जातो. सप्टेंबरअखेर 196 लाख, व्हेरियन्स फक्त उणे 4, एसपीआय 0.98. मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, ‘आता आलोच की वेळेवर!’ ऑक्टोबरअखेर काम संपतं तेव्हा व्हेरियन्स शून्य आणि एसपीआय बरोबर 1. पाच महिने उशीर झालाय, त्याचा मागमूस नाही.

कारण साधं आहे. मेनंतर प्लॅन्ड व्हॅल्यू, म्हणजे प्लॅनप्रमाणे तोवर व्हायला हव्या असलेल्या कामाची किंमत, 200 वर येऊन थांबली. तिला वाढायला जागाच नाही. अर्न्ड व्हॅल्यू मात्र हळूहळू का होईना, 200 कडे सरकत राहते, त्यामुळे फरक मिटणारच. मुदत उलटल्यावरचा एसपीआय म्हणजे किती टक्के काम झालं एवढंच; 0.98 म्हणजे 98 टक्के. वेगाबद्दल तो काहीच सांगत नाही. शिवाय हा फरक मुळात रुपयांत मोजलेला, आणि मालकाला हवी असते तारीख.

वॉल्ट लिपके यांनी 2003 मध्ये मांडलेलं अर्न्ड शेड्यूल नेमका हाच प्रश्न सोडवतं. आज जेवढं काम झालंय, तेवढं प्लॅनप्रमाणे कधी व्हायला हवं होतं, हे ते विचारतं. सप्टेंबरअखेरचे 196 घ्या. सातव्या महिन्याअखेर 180, आठव्याअखेर 200. मधल्या 20 पैकी 16 झाले, म्हणजे 0.8. असं निघालेलं अर्न्ड शेड्यूल म्हणजे ES; त्यातून प्रत्यक्ष लोटलेले 12 महिने वजा केले की महिन्यांतला व्हेरियन्स SV(t), आणि त्यांनी भागलं की SPI(t).

```
ES    = 7 + (196-180)/(200-180) = 7.8
SV(t)  = 7.8 - 12 = -4.2
SPI(t) = 7.8 / 12 = 0.65
```

जुलैअखेर हाच हिशोब 7 वजा 10, म्हणजे तीन महिने मागे. दोन महिन्यांत रुपयांतला व्हेरियन्स 20 लाखांवरून 4 वर ‘सुधारला’, आणि काम प्रत्यक्षात आणखी सव्वा महिना मागे पडलं.

आता एक्सेलमधल्या चुका. प्लॅनच्या रांगेत सुरुवातीला शून्य महिना आणि शून्य रुपये ठेवले नाहीत, तर सगळी उत्तरं एका महिन्याने सरकतात. त्याहून फसवी गोष्ट सपाट महिन्यांची. प्लॅनमध्येच जून ते सप्टेंबर काम बंद धरलं असेल, तर त्या महिन्यांत एकत्रित प्लॅन्ड व्हॅल्यू तीच राहते. अर्न्ड व्हॅल्यू नेमकी त्या आकड्याला पोचली, की चढत्या क्रमाचा `MATCH(…,1)` सारख्या आकड्यांतला शेवटचा उचलतो आणि अर्न्ड शेड्यूल एका फटक्यात चार महिने पुढे उडी मारतं. एका महिन्यात अशी उडी दिसली, तर कामगारांचं कौतुक करण्याआधी रांग तपासा. बंदचे महिने हिशोबातून वगळा, पण प्लॅन आणि प्रत्यक्ष काळ दोन्हीकडून.

दुसरी चूक आरए बिलातून, म्हणजे काम चालू असताना ठेकेदार देतो त्या टप्प्याटप्प्याच्या बिलातून येते. खिडक्या साइटवर येऊन पडल्या म्हणून त्यांचे पैसे बिलात धरले असतील, तर ते काम झालेलं नाही. अर्न्ड व्हॅल्यूत बसवलेल्या खिडक्याच मोजा, नाहीतर अर्न्ड शेड्यूलही तेच खोटं बोलेल.

अंदाजाची तारीख काढायला मूळ मुदत भागिले SPI(t) करतात. जुलैअखेर 8 भागिले 0.70, म्हणजे साधारण साडेअकरा महिने. प्रत्यक्षात तेरा लागले. कारण हे सूत्र आतापर्यंतचा सरासरी वेग पुढेही टिकेल असं धरतं, आणि शेवटी तसं होत नाही. चवथीला कामगार गावी जातात, आणि उरलेली कामं रुपयांत चिल्लर असतात. सप्टेंबरअखेरच्या त्या 4 लाखांत गच्चीचं वॉटरप्रूफिंग असेल, तर कोरडे दिवस मिळेपर्यंत ते हलत नाही. ऑक्युपन्सी सर्टिफिकेटला तर बजेटात ओळच नसते. अशा कामांसाठी बार चार्टमधला क्रिटिकल पाथ, म्हणजे ज्यांच्या उशिराने शेवटची तारीखच सरकते त्या कामांची साखळी, उघडायचा आणि एकेकाची तारीख स्वतंत्र विचारायची. ती अर्न्ड शेड्यूलच्या आकड्यातून निघणार नाही.