मॅक्सिलरी आर्टरी आणि मॅक्सिलरी नर्व्ह: नाव एक, वाट वेगळी

पहिल्या वर्षाच्या व्हायवात सरांनी कवटी हातात दिली आणि विचारलं, "खालच्या दाढेला रक्त कुणाकडून?" मी म्हणालो, मॅक्सिलरी आर्टरीकडून. ते बरोबर होतं. "आणि नर्व्ह?" मी लगेच मॅक्सिलरी नर्व्ह म्हणून मोकळा झालो. सरांनी कवटी खाली ठेवली. खानापूरला परत जाताना बसमध्ये मला कळेचना की चुकलं कुठं.

दोघांच्या नावात मॅक्सिलरी आहे म्हणून ते सुरुवातीपासून सोबत चालतात असं धरू नका. इन्फ्राटेम्पोरल आणि टेरिगोपॅलाटाईन या दोन फोसांच्या सीमा तुम्हाला पाठ असतीलच. पण त्या नुसत्या घोकल्या तर मी पडलो त्याच खड्ड्यात पडाल.

गोकाकच्या माझ्या रूममेटनं खराट्याच्या दोन हिरा आणल्या. कवटीचं झाकण काढून पहिली हीर त्यानं फोरामेन ओव्हेलमधून घातली, ती सरळ खाली इन्फ्राटेम्पोरल फोसात उतरली. ही मॅन्डिब्युलर नर्व्ह. दुसरी फोरामेन रोटंडममधून घातली, ती पुढं टेरिगोपॅलाटाईन फोसात निघाली. ही मॅक्सिलरी नर्व्ह. म्हणजे तिचा मूळ दांडा इन्फ्राटेम्पोरल फोसात येतच नाही.

मग लाल दोरा घेतला. मॅक्सिलरी आर्टरी जबड्याच्या मानेमागून निघते, लॅटरल टेरिगॉइड स्नायूजवळून पुढं जाते आणि टेरिगोमॅक्सिलरी फिशरमधून टेरिगोपॅलाटाईन फोसात शिरते. मॅक्सिलरी नर्व्हशी तिची गाठ पडते ती इथं. त्याआधी, आर्टरीच्या तीन भागांपैकी पहिल्या भागातून इन्फिरिअर अल्व्हिओलर आर्टरी खाली जाते, ती मॅन्डिब्युलर नर्व्हच्या इन्फिरिअर अल्व्हिओलर फांदीबरोबर. माझं उत्तर चुकलं ते इथंच. तिसऱ्या भागाच्या पोस्टिरिअर सुपिरिअर अल्व्हिओलर, इन्फ्राऑर्बिटल, ग्रेटर पॅलाटाईन या फांद्या मात्र मॅक्सिलरी नर्व्हच्या त्याच नावाच्या फांद्यांबरोबर जातात.

फांद्यांची आद्याक्षरं जुळवून केलेले सिनिअरांचे फॉर्म्युले मला मुळीच पटत नाहीत. त्यात नावं आठवतात, पण फांदी कुठल्या भागातली हे सुटतं. तीन भाग, मध्ये लॅटरल टेरिगॉइड, एवढं हातानं दोरा फिरवून बघा. दोन संध्याकाळी पुरतात, घाबरू नका.

फिशर मात्र विसरू नका. पोस्टिरिअर सुपिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह तिथूनच बाहेर येऊन मॅक्सिलाच्या मागच्या पृष्ठभागावरून खाली उतरते, आणि वरच्या दाढांसाठी भूल तिथंच देतात. सुई जास्त आत गेली तर त्याच नावाची आर्टरी किंवा टेरिगॉइड व्हेनस प्लेक्सस फाटतो आणि बघता बघता गाल फुगतो. पुढच्या व्हायवात सरांनी नेमकं हेच विचारलं, गाल का फुगला म्हणून. मी कवटी उचलली, बोट फिशरवर ठेवलं आणि तिथून सुरुवात केली.