‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे थोडा पाऊस नव्हे : सोयाबीन काढणीच्या दिवसांत हवामानपत्रक कसं वाचावं

सप्टेंबर सरत आला की बार्शी, उत्तर सोलापूर, अक्कलकोट या पट्ट्यात सोयाबीनची कापणी आणि परतीचा पाऊस एकाच आठवड्यात गाठ घालतात. दरवर्षी नुकसान होतं ते बहुतेक एकाच प्रकारे. सोयाबीन कापून रानात ढीग लावलेला असतो, ताडपत्री घरी माळ्यावर असते आणि विचारलं तर उत्तर ठरलेलं, “पत्रकात पिवळाच होता की. तुरळक पाऊस लिहिलं होतं.”

इथंच घोटाळा आहे. हवामान खात्याच्या पत्रकात ‘तुरळक ठिकाणी’, ‘काही ठिकाणी’, ‘बऱ्याच ठिकाणी’ हे शब्द पाऊस किती पडेल ते सांगत नाहीत, किती जागी पडेल ते सांगतात. जिल्ह्यातल्या पर्जन्यमापकांपैकी जास्तीत जास्त 25 टक्के ठिकाणी पाऊस होणार असेल तर ‘तुरळक’. 26 ते 50 टक्के असेल तर ‘काही ठिकाणी’, 51 ते 75 टक्के असेल तर ‘बऱ्याच ठिकाणी’, त्याच्या वर गेला तर ‘बहुतांश ठिकाणी’. तुमचं शिवार त्या पंचवीसांत सापडलं तर तासाभरात बांध फुटेल इतकाही पडू शकतो आणि शेजारच्या गावात धुरळासुद्धा बसत नाही. ही आपल्याकडची नेहमीची गोष्ट आहे. हस्ताचा पाऊस गाव वाटून घेतो असं म्हातारी माणसं म्हणतात ते काही खोटं नाही.

किती पडेल यासाठी वेगळे शब्द असतात आणि तेही जपून वाचायचे. ‘हलका’ म्हणजे 24 तासांत 2.5 ते 15.5 मिलिमीटर. ‘मध्यम’ म्हणजे 15.6 पासून थेट 64.4 मिलिमीटरपर्यंत. ‘मुसळधार’ त्याच्या पुढे सुरू होतो. म्हणजे 40 मिलिमीटर पडला तरी खात्याच्या लेखी तो ‘मध्यम’च. आता हिशोब करा, एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरावर सुमारे 4 हजार लिटर पाणी. 40 मिलिमीटर म्हणजे एकरी 1 लाख 60 हजार लिटर. उघड्या ढिगाचं काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आता रंग. हिरवा म्हणजे ‘इशारा नाही’. ‘पाऊस नाही’ असा त्याचा अर्थ नाही, कारण साधा हलका-मध्यम पाऊस हिरव्यातही येतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हातातलं काम टाकून आधी बचावाचं बघा. रंग ठरवताना दोन गोष्टी धरतात, घटना घडण्याची शक्यता किती आणि घडली तर तडाखा केवढा. त्यामुळे पिवळा हा नारिंगीचा धाकटा भाऊ समजून सोडून देऊ नका. रंगाखालचं वाक्य वाचल्याशिवाय रंगाला काही किंमत नाही.

एक पत्रक घेऊन बघू. वैरागकडे तीन एकर सोयाबीन कापणीला आलंय, मजूर उद्याचे मिळालेत असं धरा. मंगळवारी दुपारी निघालेल्या पत्रकात सोलापूरपुढं असं लिहिलंय. बुधवार आणि गुरुवार, दोन्ही पिवळे : तुरळक ठिकाणी मेघगर्जना, विजा, ताशी 30 ते 40 किलोमीटर वेगाचा वारा, हलका ते मध्यम पाऊस. शुक्रवार नारिंगी : काही ठिकाणी पाऊस, तुरळक ठिकाणी मुसळधार.

जिल्ह्यात तुमच्यासारखी 100 शेतं आहेत असं समजा. बुधवारी वीस भिजली, ऐंशी कोरडी राहिली. गुरुवारी त्या ऐंशीतली परत पाचातलं एक धरून सोळा भिजली, उरली 64. शुक्रवारी ‘काही ठिकाणी’ म्हणून दहातली चार धरली तर कोरडी राहिलेली साधारण 38. म्हणजे एकेका दिवसाला ‘तुरळक’ वाटणारी गोष्ट तीन दिवसांत निम्म्याहून जास्त शेतांना गाठते. हा हिशोब ढोबळ आहे. पाऊस कधी कधी त्याच पट्ट्यात दोनदा येतो, तेव्हा कोरडी शेतं याहून जास्त राहतात. पण कापलेला माल तीन दिवस रानात ठेवायचा तर निर्णय एका दिवसाच्या चित्रावर घ्यायचा नाही, तिन्ही दिवस एकत्र धरायचे.

तीन एकरांत 24 क्विंटल माल धरला आणि भिजून डागाळल्यावर क्विंटलमागे फक्त 500 रुपये कमी मिळाले, तरी 12 हजार गेले. पाचात एक शक्यता म्हटली तरी त्या एका दिवसाची जोखीम 2,400 रुपयांची झाली. झाकायला दोन माणसांची अर्ध्या दिवसाची मजुरी याच्या कितीतरी खाली बसते, ताडपत्री तर चार-पाच हंगाम चालते. कोंब फुटलेला माल व्यापारी हातात घेत नाही, तो हिशोब यात धरलेलाच नाही.

मग बुधवारी कापायचं की नाही? माझं म्हणणं, जेवढं त्याच दिवशी मळता किंवा झाकता येईल तेवढंच कापा. उभं पीक एखाद-दुसरा पाऊस झेलतं आणि वाऱ्यानं लवकर वाळतं, ढीग झेलत नाही. मात्र शेंगा पार वाळून तडकायला लागल्या असतील तर थांबूनही चालणार नाही. अशा वेळी सकाळच्या दंवात कापा आणि ढीग बांधाच्या उंच बाजूला लावा. खाली तुरीच्या तुराट्या किंवा कडबा टाका, भोवती वीतभर खोल चर काढा. ताडपत्री दुपारी आभाळ भरायच्या आत ओढा, दगड ठेवून कडा दाबा आणि सकाळी ऊन आलं की उघडा, नाहीतर आत वाफ धरते. ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघा. आत उबट लागलं, आंबूस वास आला तर त्याच दिवशी पसरून उलथापालथ करा, उद्यावर टाकू नका. मळणीला दाणा दाताखाली कट्‌ वाजला पाहिजे. ही आपली घरची परीक्षा, खरेदी केंद्रावर मात्र ओलावा मापून घेतात आणि सर्वसाधारण निकष 12 टक्क्यांचा आहे.

पत्रकातली तिसरी जागा लोक बघतच नाहीत, ती म्हणजे वेळ. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. गुरुवारच्या चौकटीतला पाऊस शुक्रवारी पहाटे पाचला पडला तरी तो गुरुवारचाच. ‘गुरुवार गेला, आता उघडू’ म्हणून रात्री ताडपत्री काढली की पहाटे फजिती होते. पत्रक कधी जारी झालं तेही वर लिहिलेलं असतं. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या रंगीत नकाशावर तारीख-वेळ नसेल तर तो पुसून टाका. गेल्या वर्षीचे नकाशेसुद्धा यंदाचे म्हणून फिरतात.

फोनवरच्या ढगाच्या चित्राचंही थोडं. तिथं ‘30%’ दिसतं त्याचा अर्थ अशी स्थिती असलेल्या दहा दिवसांपैकी तीन दिवस पाऊस होतो. दिवसाच्या तीस टक्के वेळ पडेल किंवा तीस टक्के जोराचा पडेल असं त्यात काही नाही. खात्याने मे 2025 मध्ये आणलेली भारत फोरकास्ट सिस्टिमसुद्धा 6 किलोमीटरच्या चौकटीनं हिशोब करते. आपल्याकडचा गडगडाटी ढग कधी कधी त्याहून लहान असतो. म्हणून अॅपमधल्या ‘2 मिमी’ या आकड्यावर कापणी ठरवू नका. चार दिवसांचा कल पत्रकावरून बघा आणि त्या दिवसाचा निर्णय तीन तासांच्या तातडीच्या इशाऱ्यावर घ्या. मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला ‘मेघदूत’ अॅपवर मिळतो, विजेसाठी ‘दामिनी’ ठेवा.

माझी एक खूण सांगतो, शास्त्र म्हणून नव्हे. सकाळी अकरालाच उकडायला लागलं, वारा पडला आणि एकच्या सुमारास पूर्वेला पांढरे ढग उभे चढताना दिसले, तर पत्रकात ‘तुरळक’ असलं तरी मी आपलं गाव त्यात धरतो. चुकलो तर ताडपत्री ओढायचे कष्ट वाया, एवढंच.

फवारणीलाही हेच वेळापत्रक लावा. या दिवसांतला पाऊस बहुतेक दुपारनंतरचा, म्हणून डाळिंबावर ठिपक्यांसाठी मॅन्कोझेब 75 टक्के (लिटरला 2 ते 2.5 ग्रॅम) मारायचं तर पहाटेचं दंव उतरल्यावर लगेच मारा. तोडणीला किती दिवस आहेत ते लेबलवर पाहूनच. दुपारी पाऊस आलाच तर स्पर्शजन्य औषध धुऊन जातं आणि फवारणी पुन्हा करावी लागते. दुकानदार यावर उपाय म्हणून चिकटद्रव्याच्या जोडीला दोन महागड्या बाटल्या पिशवीत टाकतो, “कितीही पाऊस येऊ दे, हलणार नाही.” असं कुठलं औषध मी पाहिलेलं नाही. दोन पिवळ्या दिवसांच्या मधली कोरडी सकाळ गाठणं फुकट आहे.

बाकीची कामं, थोडक्यात :
– रब्बी ज्वारी : पेरणी 15 ऑक्टोबरपर्यंत, बियाणं एकरी 4 किलो, किलोला 4 ग्रॅम गंधक चोळून.
– ज्वारीचे वाण, भारी जमीन : फुले वसुधा. मध्यम जमीन : मालदांडी 35-1. हलकी जमीन : फुले अनुराधा.
– कांदा रोपवाटिका : गादीवाफे, पाण्याला वाट.
– तूर : सरीत साचलेलं पाणी त्याच दिवशी काढा.

रोज चिंचोळी एमआयडीसीला, मोहोळला किंवा बार्शीला दुचाकीवर जाणाऱ्यांनी सकाळचं चित्र बघून निघावं, पण परतीचा निर्णय सुटीच्या अर्धा तास आधी तातडीचा इशारा बघून घ्यावा. गडगडाट ऐकू येत असेल तर आडोसा पक्क्या इमारतीचा घ्यायचा, झाडाचा नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं.

आणि फक्त सोलापूरची ओळ वाचून थांबू नका. सीनेचं पाणी अहिल्यानगरकडून, बीड-धाराशिवकडून येतं. सप्टेंबर 2025 मध्ये माढा, मोहोळ भागात सीनेनं जे केलं त्यातलं बरंचसं पाणी वरच्या जिल्ह्यांत पडलेलं होतं. भीमेचंही तसंच, पुण्याच्या घाटमाथ्यावर लाल रंग असला आणि उजनी भरलेली असली की पंढरपुरात ऊन असतानाही पाणी वाढतं. वरच्या जिल्ह्यांना नारिंगी किंवा लाल लागला की नदीकाठची मोटार आणि पाइप त्याच दिवशी वर घ्या, जनावरं रात्री काठाला बांधू नका. पाण्याखाली गेलेल्या पुलावर गाडी घालू नका, मग आपल्या गावात थेंब पडलेला नसला तरी.